ती उसण नव्हती

अप्पांना उसण भरली ती पुस्तकांचं कपाट सरकवताना. कपाटामागे वाळवी लागल्याची आईला शंका होती आणि अप्पांना नव्हती, म्हणून ती नाही हे दाखवायला त्यांनी कपाट एकट्याने ओढलं. वाळवी निघाली. अप्पा मात्र वाकले ते तसेच राहिले. उजव्या खांद्याच्या पाठीमागे हात नेत म्हणाले, "आई गं, भरली!"

अप्पा म्हणजे माझे वडील. धारवाडच्या एका हायस्कुलात आयुष्यभर गणित शिकवून नुकतेच निवृत्त झाले होते. मी पुण्याहून डॉक्टरी शिकून आले होते आणि गावातल्या सरकारी दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात काम करत होते. महायुद्धाचे दिवस होते. औषधांची ओढाताण होती, रॉकेलची होती, आणि घरात डॉक्टर असूनही अप्पांना माझ्या औषधांवर फारसा भरवसा नव्हता. "तू बायकांची डॉक्टर," ते म्हणायचे, "माझ्यासाठी तुझा साहेब आहे."

माझे साहेब म्हणजे दवाखान्याचे मोठे डॉक्टर. ते अप्पांचे जुने मित्र, आणि आम्ही त्यांना डॉक्टरकाका म्हणायचो. घरात कानडी बोलायचे, आमच्याकडे मराठी. पण चिडले किंवा घाबरले की वाक्य मराठीत सुरू होऊन कानडीत संपायचं. वर्षभरापूर्वी त्यांनी गंमत म्हणून अप्पांच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला होता आणि मग गंमत थांबवून पुन्हा पाहिला होता. "मास्तर, दाब फार आहे. मीठ सोडा, भांडणं सोडा." अप्पांनी दोन्हीतलं काहीच सोडलं नाही.

तर त्या उसणीला औषध शेजारच्या अक्कांनी केलं. अक्का पायाळू. जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या माणसाच्या पायाने उसण जाते हे आमच्या बाजूला मराठी माणसालाही ठाऊक आणि कानडी माणसालाही. अक्का साठीच्या घरात आलेल्या, जाडजूड, गुडघे दुखणाऱ्या. पण सगळ्या आळीतून बोलावणं यायचं. त्या आल्या, अप्पांना पालथं निजवलं, भिंतीचा आधार घेऊन उजव्या पायाचा तळवा त्यांच्या पाठीला हलकेच तीनदा लावला, आणि चहा घेऊन गेल्या. मीही पाठ पाहिली. खांद्याच्या पात्याजवळ एक जागा अशी होती की बोट टेकवलं की अप्पा ओरडत. उजवीकडे वळलं की कळ, डावीकडे वळलं की नाही. स्वस्थ पडून राहिलं की काहीच नाही. मी गरम पाण्याच्या पिशवीने शेकलं. दोन दिवसांत ते ताठ चालू लागले. श्रेय अर्थातच अक्कांच्या पायाला मिळालं, आणि मीही त्यावर वाद घातला नाही. अक्का एवढ्या खुशीत होत्या की त्यांनी आमच्याकडे धपाटे पाठवले.

त्यानंतरचा रविवार. सकाळची उन्हं ओसरीवर आली होती. अप्पा आरामखुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते, आई आत तांदूळ निवडत होती, मी केस विंचरत होते. ते काही उचलत नव्हते, वळत नव्हते. पानसुद्धा उलटलं नव्हतं. एकाएकी त्यांनी असा काही आवाज काढला की तो अप्पांचा आहे हे मला कळायला क्षणभर लागलं. मी फणी केसांतच ठेवून बाहेर धावले.

ते खुर्चीच्या काठावर पुढे झुकले होते. चेहरा राखेसारखा, कपाळावर घामाचे थेंब. वर्तमानपत्र पायाशी पडलेलं.

"अप्पा, काय झालं?"

"पाठीत," ते म्हणाले. "फाटलं. काहीतरी फाटलं."

"कुठे?"

त्यांनी हात मागे नेला पण पोचला नाही. दोन पात्यांच्या मधली जागा. आई बाहेर आली आणि तिने एका नजरेत ठरवून टाकलं. "उसण परत भरली. सांगत होते, पाठीला वारा लागू देऊ नका. मी अक्कांना हाक मारते."

अक्कांना हाक मारावी लागलीच नाही. तो आवाज भिंतीपलीकडे गेला होता. पदर खोचत त्या फाटकातून आत आल्या. "एनाग्यद? काय झालं? पुन्हा भरली का? पालथं निजवा त्यांना, निजवा."

आई आणि अक्का दोघींनी अप्पांना उठवायला हात घातले. त्याच वेळी मी त्यांच्या पाठीवर बोटं टेकवली होती. परवा ज्या जागेला नुसता स्पर्श सहन होत नव्हता तिथे दाबलं. दोन पात्यांच्या मधे दाबलं. मणक्याच्या दोन्ही बाजूंना दाबलं. अप्पा दुखण्याने कण्हत होते, पण माझ्या बोटांनी त्यात काही भर पडत नव्हती. बोट ठेवलं तरी तेच, काढलं तरी तेच.

"इथे दुखतंय का दाबल्यावर?"

"तू कुठे दाबतेस ते कळतही नाही गं. आत आहे ते. आत, खोल."

"खांदा हलवा बघू. हळूच."

त्यांनी हलवला. वेदना वाढली नाही, कमीही झाली नाही. खोल श्वास घ्यायला सांगितला, तरीही तीच. मागे टेकले तरी तीच, पुढे झुकले तरी तीच. परवाचं दुखणं कसं होतं, ते हालचालीचं होतं. हललं की यायचं, पडलं की जायचं. हे दुखणं अप्पा काय करतात याची दखलच घेत नव्हतं.

"अप्पा, हे हळूहळू वाढत आलं का?"

त्यांनी डोळे मिटून मान हलवली. गणिताचे मास्तर, वेदनेतही उत्तर नेमकं द्यायचे. "नाही. आलं तेव्हाच पूर्ण आलं. दुर्गदबैलाच्या बाजारात कापडवाला थान फाडतो ना, दोन बोटांनी धरून, टर्रकन. तसं. आणि आता..." त्यांचा हात कमरेकडे गेला. "आता खाली सरकतंय."

पुण्याला शिकत असताना आमच्या शिक्षकांनी काचेच्या बरणीत ठेवलेली एक महाधमनी दाखवली होती. हृदयातून निघून छातीत वर चढणारी, काठीच्या मुठीसारखी वळणारी आणि मग पाठीच्या कण्याशेजारून खाली पोटात उतरणारी शरीरातली सगळ्यांत मोठी नळी. तिच्या आतल्या बाजूला एक आडवी चीर होती आणि चिरेतून रक्त शिरून भिंतीचे थर वेगळे झाले होते, खालपर्यंत. शिक्षक म्हणाले होते, असा रोगी जिवंत असताना ओळखणारा डॉक्टर दुर्मीळ. बहुतेकांना हे शवविच्छेदनाच्या टेबलावर कळतं.

मी अप्पांचं उजवं मनगट धरलं. नाडी टणटण उडत होती. मग डावं धरलं. मला वाटलं, बोटं नीट पडली नाहीत. पुन्हा धरलं. होती, पण दूरवरून आल्यासारखी, उजव्याच्या मानाने अगदीच क्षीण. एकाच माणसाची, एकाच वेळी, दोन मनगटांत दोन वेगळ्या नाड्या.

"त्यांना उठवू नका," मी म्हणाले. माझा आवाज मलाच चढलेला वाटला. "आहे तिथेच हळूच आडवं करायचं. पालथं नाही. आणि पाठीला कुणी हात लावायचा नाही."

अक्का थबकल्या. एक पाय चपलेतून काढून त्या तयारच उभ्या होत्या. "अगं, पण परवा माझ्याच पायाने..."

"अक्का, परवाची उसण होती. ही नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर आधी राग आला आणि मग माझ्याकडे बघता बघता तो भीतीत बदलला. मला त्या लहानपणापासून ओळखत होत्या. "मग मी काय करू ते सांग," त्या म्हणाल्या.

"डॉक्टरकाकांना घेऊन या. म्हणावं, मॉर्फिया आणि दाबाचं यंत्र घेऊन या. म्हणावं, दोन्ही हातांच्या नाड्या वेगळ्या लागतात."

गुडघे दुखणाऱ्या अक्का त्या दिवशी आळीतून धावत गेल्या हे नंतर कित्येकांनी मला सांगितलं. काढलेली चप्पल आमच्या ओसरीवरच राहिली. एक पाय अनवाणी अशा त्या डॉक्टरकाकांच्या दारात उभ्या राहिल्या आणि निरोप मात्र एक शब्द न चुकता सांगितला.

डॉक्टरकाका आले ते धोतरावर कोट चढवून. आल्या आल्या त्यांनी काही विचारलं नाही, अप्पांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सुई भरायला घेतली. आधी मॉर्फिया टोचलं, मग बोलले. "मास्तर, सुम्न मलगरी. नुसतं पडायचं. काही सिद्ध करून दाखवायचं नाही."

"वाळवी निघाली," अप्पा पुटपुटले.

"असू दे. ती तुमची बायको बघून घेईल."

मग त्यांनी उजव्या दंडाला पट्टा बांधला. पारा दोनशेच्याही वर गेला. पट्टा सोडून तो डाव्या दंडाला बांधला. तिथे पारा बराच खाली होता. डॉक्टरकाकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी स्टेथोस्कोप छातीवर ठेवला, अप्पांना श्वास रोखायला सांगितला आणि उरोस्थीच्या दोन्ही कडांशी खूप वेळ ऐकत राहिले. आईने कोपऱ्यात दोन्ही हात घट्ट जुळवले होते. मग ते जांघेतल्या नाड्या पाहू लागले, पायांच्या घोट्यांपाशी बोटं ठेवली, अप्पांना पायाची बोटं हलवायला लावली. पोट चाचपलं. सगळं झाल्यावर मला ओसरीच्या टोकाला नेलं आणि दुखणं कसं आलं, मी काय तपासलं, ते ऐकून घेतलं.

"तुला काय वाटतं?"

"महाधमनीची भिंत चिरली," मी म्हणाले. "काका, पण हृदयाचा झटका असू शकेल ना?"

"असू शकेल. तेही मनात धरूनच चालायचं. पण हृदयाचं दुखणं बहुतेक चढत चढत येतं, छातीवर धोंडा ठेवल्यासारखं दाबतं. हे क्षणात आलं, आलं तेव्हाच शिखरावर होतं, फाडल्यासारखं, आणि ज्या वाटेने धमनी उतरते त्याच वाटेने खाली सरकलं. माणूस बघ कसा गारठलाय, घामेजलाय. असा दिसणाऱ्याचा दाब कोसळलेला असायला हवा, तर याचा आभाळाला लागलाय. आणि डावा हात. चीर खाली सरकताना डाव्या हाताकडे जाणाऱ्या फांदीचं तोंड दाबलं गेलं असणार." ते थांबले. "नाड्या सारख्या असत्या तरी मला शंका आलीच असती, बरं. सगळ्यांच्या वेगळ्या लागत नाहीत. या वेदनेवरच यायला हवी. तू पाठ दाबून पाहिलीस ना, ते बरं केलंस."

"आणि छातीत काय ऐकलंत?"

"काही नाही. तेच ऐकायचं होतं." पहिल्यांदा त्यांचा आवाज थोडा सैल झाला. "चीर हृदयालगत असती तर झडपेतून रक्त मागे गळायला लागतं, फुंकर मारल्यासारखा आवाज येतो. तो नाही. म्हणजे बहुधा वळणाच्या पलीकडे फाटलंय, पाठीच्या बाजूला. हृदयाजवळ फाटलं असतं तर मी तुझ्याशी हे बोलतही बसलो नसतो. खात्री देत नाही. कुणीच देऊ शकणार नाही."

मी विचारलं, आता काय करायचं? खरं तर मला माहीत होतं. त्या काळात छाती उघडून धमनी शिवणारं कुणी नव्हतं, आमच्याकडे तर नव्हतंच. काका म्हणाले, "आपल्या हातात दोनच गोष्टी. दुखणं मारायचं आणि दाब उतरवायचा. दाब चढला की चीर वाढते, दुखलं की दाब चढतो. त्याला हसवायचं नाही, रडवायचं नाही, कुंथू द्यायचं नाही. बाकी त्या धमनीच्या मनात असेल तसं."

आईला समजावून सांगायचं काम त्यांनी स्वतः केलं. ती दाराशी बसली होती. काकांनी आपला कोट काढला. त्याच्या बाहीचं अस्तर खांद्याजवळ उसवलेलं होतं. काकूंनी ते शिवायचं कितीदा ठरवलं होतं देव जाणे. "वहिनी, मी रोज सकाळी घाईत हा घालतो तेव्हा काय होतं? हात बाहीतून जायच्या ऐवजी कापड आणि अस्तर यांच्या मधे शिरतो. जोर लावला की अस्तर आणखी उसवत जातं. मास्तरांच्या मोठ्या धमनीला असंच अस्तर आहे. ते आत फाटलंय आणि रक्त मधल्या जागेत शिरतंय. बाहेरचं कापड शाबूत आहे. ते शाबूत राहायला हवं. म्हणून जोर लावायचा नाही. कुणीच नाही."

आईने कोटाकडे पाहिलं, मग अप्पांकडे. "म्हणजे अक्कांनी पाय दिला असता तर?"

"पायाने धमनी फाटत नाही. पण उठवून, पालथं पाडून, चोळून, चार माणसं गोळा करून त्यांना दमवलं असतं, आणि उसण म्हणून दोन दिवस वाट पाहिली असती." मग अक्का ऐकताहेत हे लक्षात येऊन त्यांनी घाईघाईने म्हटलं, "अक्का, उसणीला मात्र तुम्हीच. मी माझी तुमच्याकडेच आणीन."

घरी ठेवण्यापेक्षा दवाखान्यात बरं, असं ठरलं, कारण सुई वेळच्या वेळी द्यायची होती आणि कुणीतरी सतत नजर ठेवायला हवी होती. टांगा नको, धक्के बसतात, असं काका म्हणाले. अंतर थोडंच होतं. म्हणून आळीतल्या चौघा तरुणांनी अप्पांना खाटेसकट खांद्यावर घेतलं. चौघेही त्यांच्या हाताखाली गणित शिकलेले, त्यातला एक तर दोनदा नापास झालेला. काका पुढे चालत होते आणि मी खाटेच्या बाजूला. अक्का सगळ्यांच्या पुढे, आता दोन्ही चपला घालून, ओरडत चालल्या होत्या, "दारि बिडरी! वाट सोडा, वाट सोडा!" लोक थांबत. खांद्यावरची खाट पाहून कुणीतरी टोपी काढली, एक म्हातारा हात जोडून बाजूला झाला.

मॉर्फियाने अप्पांचं दुखणं बोथटलं होतं. डोळे अर्धे मिटलेले. ते म्हणाले, "त्याला सांग, अजून नाही म्हणून." त्यावर नापास झालेला हसला आणि खाट हलली. काका मागे वळून असे काही कडाडले की पुढचा सगळा रस्ता चौघेही काचेचं सामान नेत असल्यासारखे चालले.

व्हरांड्याच्या टोकाची एक खोली मिळाली. खिडकीला निळा कपडा लावून अंधार केला. मग सुरू झालं ते नुसतं पडून राहणं. ऐकायला सोपं वाटतं. अप्पांसारख्या माणसाला ते फार कठीण होतं. उशीवरून मान उचलायची नाही, भरवलेलंच खायचं, बोलायचं तर हळू. झोपेचं औषध होतं. काकांनी सर्पगंधेच्या गोळ्याही सुरू केल्या. वैद्य लोक ते मूळ पूर्वापार वापरत आणि आता काही डॉक्टरही रक्तदाबाला देऊ लागले होते. गुण यायला वेळ लागतो, असं ते म्हणाले. मी दिवसातून कितीतरी वेळा दोन्ही मनगटं आणि दोन्ही पावलं धरायची, लघवी किती होते ते बघायची. धमनीच्या फांद्या मूत्रपिंडाकडे जातात, पायांकडे जातात, मज्जारज्जूकडे जातात. चीर जिथवर पोचेल तिथवरची फांदी मिटू शकते. मुलगी म्हणून त्यांचा पाय धरला असता तर मला रडू आलं असतं. डॉक्टर म्हणून धरायची, म्हणून निभावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुन्हा आलं. अप्पा झोपेतून दचकून जागे झाले आणि कमरेला हात लावून म्हणाले, "सरकलं." चेहऱ्याला पुन्हा तो राखेचा रंग आला. मी काकांना बोलावलं, दुसरी सुई दिली. काका खाटेच्या कडेला टेकले आणि एका पावलावर बोटं ठेवून बसले. माझी बोटं दुसऱ्या पावलावर. दोन्ही नाड्या चालू होत्या. काकांनी पोटावर हात ठेवला, पायाची बोटं हलवून घेतली. कळ हळूहळू ओसरली.

"मास्तर," काका म्हणाले, "मला गणितात तुम्ही किती मार्क दिले असते?"

"तुम्हाला?" अप्पांचा आवाज औषधाने जड झाला होता. "पास केलं असतं. ओळखीखातर."

काका उठून खिडकीपाशी गेले आणि निळ्या कपड्याची घडी उगाचच सारखी करत राहिले. त्यांच्या खांद्यांवरून मला कळलं की त्यांना माझ्याकडे तोंड करायचं नाहीये. मी अप्पांच्या पावलावरून हात काढला नाही.

त्यानंतर मात्र कळ परतली नाही. दाब थोडा थोडा उतरत गेला. पण खरा धोका भेटायला येणाऱ्यांचा होता. धारवाडात माणूस आजारी पडला की सगळं गाव लिंबं आणि सल्ले घेऊन येतं, आणि अप्पांचे विद्यार्थी म्हणजे निम्मं धारवाड. तिथे अक्का कामी आल्या. त्यांनी व्हरांड्यात सतरंजी टाकली, वाती वळायला घेतल्या आणि वाट अडवून बसल्या. वकील आले, मामलेदार आले, शाळेचे हेडमास्तर आले. अक्कांनी सगळ्यांना तेच सांगितलं. "आत अस्तर फाटलंय. बोलायचं नाही." कुणी म्हणालं, पाठच दुखतेय ना, थोडं तेल चोळलं तर, की त्या वात बाजूला ठेवायच्या. "दाबल्यावर दुखतं का? नाही. हलल्यावर वाढतं का? नाही. एकदम आलं का? एकदम. मग ते पाठीचं नव्हे, रक्ताच्या नळीचं." मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दाराआड उभी होते. मी अप्पांना विचारलेलं आणि काकांनी आईला सांगितलेलं सगळं त्यांनी टिपून घेतलं होतं, आणि आता ते त्या अशा ठसक्यात सांगत होत्या की मामलेदारांनी लिंबं तिथेच ठेवली आणि पाय न वाजवता निघून गेले.

उसणीची बोलावणी त्यांना अजूनही यायची. त्या जायच्या, पण आता आधी बोटाने दाबून बघायच्या. केलगेरीकडच्या एका शेतकऱ्याला त्यांनी पाय न लावता थेट दवाखान्यात पाठवलं. त्याला नुसती उसणच निघाली. काका म्हणाले, "अशा दहा आल्या तरी चालतील."

अप्पांना बसायची परवानगी मिळाली तेव्हा पावसाळा संपत आला होता. ते पुरते सुधारल्यावर काकांनी त्यांना आगगाडीने हुबळीला नेलं, छातीचा क्ष-किरण फोटो काढायला. आधी नेणं शक्यच नव्हतं. फोटोची फिल्म उजेडावर धरली तेव्हा मला ती सावली लगेच दिसली. हृदयाच्या वरून डावीकडे वळणारी धमनी, तिच्या नेहमीच्या रुंदीपेक्षा कितीतरी रुंद. मधल्या जागेत शिरलेलं रक्त तिथेच ठाण मांडून बसलं होतं. काका बराच वेळ फिल्म बघत राहिले. मला वाटलं ते काळजीत आहेत. मग लक्षात आलं, त्यांना आनंद झालाय. आपण अंधारात, फक्त बोटांनी आणि कानांनी जे धरलं होतं ते खरं निघाल्याचा आनंद. आणि ज्याच्या छातीतली ती सावली होती तो माणूस शेजारच्या बाकावर बसून हुबळीच्या उकाड्याला नावं ठेवत होता याचा त्याहून जास्त.

स्टेशनाजवळ भूक लागली. काकांनी चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरची भजी मागवली आणि मग अप्पांकडे पाहून ओशाळले. अप्पांना मीठ बंद होतं. अप्पांनी मोसंबं सोलत म्हटलं, "खा, खा. मी नुसता वास घेतो. वासावर बंदी नाही ना?" काकांनी अर्धं खाल्लं आणि अर्धं तसंच ठेवलं. गाडीत त्यांना ते राहिलेलं गिरमिट आठवत होतं हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

अप्पा त्यानंतर चार-पाच वर्षं आमच्यात होते. जिना चढायचा नाही, वजन उचलायचं नाही, रागवायचं नाही. पहिली दोन पथ्यं त्यांनी पाळली. डाव्या हाताची नाडी क्षीणच राहिली आणि तो हात लवकर थकायचा. नवीन डॉक्टर कुणी भेटला की ते मुद्दाम डावं मनगट पुढे करायचे, तो गोंधळला की खूश व्हायचे आणि मग सगळी हकिकत सांगायचे, दुर्गदबैलातल्या कापडवाल्यासकट. माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थिनींना त्यांनी स्वतःचे दोन्ही हात कितीदा तपासायला दिले असतील. "परीक्षक कसाही असो," ते म्हणायचे, "मी सोपा प्रश्न आहे."

आणि मग एका सकाळी, अंघोळ करून आल्यावर, त्यांना पुन्हा तशीच कळ आली. ती फार वेळ टिकली नाही. मी घरीच होते. काका पोचेपर्यंत ते गेले होते. काकांनी तरीही दोन्ही मनगटं धरली, एक एक करून, आणि मग दोन्ही हात त्यांच्या छातीवर नीट ठेवले.

आईबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली. अप्पांचं जेवण वेगळं, आळणी रांधायचं म्हणून मी तिला नेहमी म्हणायचे, दोन दोन भाज्या कशाला करतेस, मीठ घालायच्या आधी आमच्यातलीच थोडी काढून ठेव. ती हो म्हणायची. पुढे एकदा अक्कांनी सांगितलं की मिठाची भाजी फक्त माझ्यासाठी आणि आल्या-गेल्यासाठी असे. अप्पा दवाखान्यातून परतले त्या दिवसापासून आई त्यांच्याच पातेल्यातलं जेवत होती. समोर बसून माणसाने आळणी खायचं आणि आपण चवीचं, हे तिला जमलं नाही. अप्पांना हे ठाऊक होतं का, मी विचारलं.

"ठाऊक होतं की," अक्का म्हणाल्या. "म्हणून तर तुझे अप्पा रोज म्हणायचे, आज भाजी झकास झालीय."